टाचेवरची शीर आणि चालण्याचा हिशेब

वाचकहो, हा लेख वाचता वाचता आपला एक हात खाली न्यावा आणि टाचेच्या मागच्या बाजूस, बुटाची कड जिथे संपते त्याच्या किंचित वर, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत पाय धरावा. बोटांना दोरखंडासारखे काही लागेल. पाऊल वरखाली केले की ते ताणले जाते आणि सैल होते. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येताना एकत्र होतात, त्यांचा हा दोरखंड बनतो आणि तो टाचेच्या हाडाच्या मागच्या अंगाला रुजतो. वैद्यकात त्याला ‘अकिलीस कंडरा’ म्हणतात. जुन्या मराठीत यालाच ‘धोंडशीर’ असा नेमका शब्द होता. माझ्याकडे येणारे रुग्ण नुसते ‘टाचेवरची शीर’ म्हणतात आणि मलाही तो शब्द पुरतो. फक्त ही रक्ताची शीर नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे.

शरीरातील ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा आहे. साध्या चालण्यातही प्रत्येक पावलागणिक तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट ताण येतो. धावताना तो याहून पुष्कळ वाढतो. एक किलोमीटर चालायला साधारण १४०० पावले लागतात, म्हणजे प्रत्येक पायाची ७००. ऐंशी किलो वजनाचा माणूस पाच किलोमीटर चालून आला, तर त्याच्या एकेका कंडरेने सुमारे २४० किलोचा ताण साडेतीन हजार वेळा सोसलेला असतो. सवय असेल तर कंडरा हे सहज सोसते. दुखणे उद्भवते ते बहुधा चालण्याने नव्हे, तर सवयीपेक्षा फार अधिक, फार लवकर चालण्याने.

पावनखिंडीनंतरची टाच

कोल्हापुरात या दुखण्याला एक ठरलेला हंगाम आहे. जुलै महिन्यात पन्हाळगड ते पावनखिंड ही पदभ्रमंती अनेक मंडळे काढतात. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि जिथे बाजीप्रभूंनी खिंड अडवली, ती ही वाट. मसाई पठार ओलांडून, वाड्यावस्त्या मागे टाकत पांढरपाण्यावरून खिंडीकडे जायचे. बहुतेक मंडळी दोन दिवसांत चाळिसेक किलोमीटर किंवा त्याहून अधिक चालतात. वर कोसळता पाऊस, खाली चिखल. चिखलात टाच रुतते आणि प्रत्येक पाऊल उचलताना पोटरीला जादा जोर लावावा लागतो. चढावर तर टाच टेकतच नाही. सारा भार चवड्यावर, म्हणजेच या शिरेवर येतो. ऑगस्ट उजाडला की लंगडणारी माणसे दवाखान्यात येऊ लागतात.

त्यांतील एकाची हकिकत सविस्तर सांगतो, कारण या दुखण्याची सारी वळणे तिच्यात आहेत. वय ५४, वजन ८२ किलो, धान्याच्या दुकानात दिवसभर उभ्याने काम. रोज सकाळी रंकाळ्यावर तीनेक किलोमीटर चालण्याची जुनी सवय. मंडळात नाव नोंदवल्यावर पंधरा दिवस आधी त्यांनी ‘तयारी’ म्हणून अंतर एकदम आठ किलोमीटरांवर नेले आणि दोन वेळा जोतिबाचा डोंगर चढून आले. तेव्हाच सकाळी टाचेच्या वर थोडे आखडू लागले होते. मोहिमेत पहिला दिवस निभावला; दुसऱ्या दिवशी दुपारनंतर डावी टाच टेकवेना.

परत आल्यावर त्यांनी तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. चालणे बंद, रोज मलम, गरम पाण्याचा शेक. दुखणे गेले. मग एका रविवारी ते सहा किलोमीटर चालून आले आणि सोमवारी सकाळी पलंगावरून उतरताना त्यांना भिंत धरावी लागली. ऑगस्टच्या अखेरीस माझ्यासमोर बसून ते म्हणाले, “डॉक्टर, सकाळी उठलं की वीस-पंचवीस पावलं लंगडतोय, मग गाडी चालू होतीय. दुपारी बरं असतंय. पण जरा चाललो की दुसऱ्या दिवशी परत तेच. शीर तुटायची तर नाही ना?”

सकाळची पहिली पावले जड जाणे, थोडे चालल्यावर मोकळे होणे आणि श्रमाचा हिशेब दुसऱ्या दिवशी चुकता होणे ही या दुखण्याची खूणच होय.

दुखते ते नेमके कुठे?

अशा वेळी मी प्रथम रुग्णालाच सांगतो, “एका बोटाने दाखवा.” बोट कुठे टेकते यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. टाचेच्या हाडापासून वर दोन ते सहा सेंटिमीटर या पट्ट्यात, म्हणजे बुटाच्या कडेच्या वर, दुखत असेल तर कंडरेचा मधला भाग दुखावलेला आहे. अगदी हाडावर, बुटाची मागची बाजू जिथे घासते तिथे दुखत असेल, तर कंडरा हाडात रुजते ती जागा दुखावली आहे. अंतर दोन बोटांचे. परंतु व्यायामाची रीत दोन्हींत वेगळी.

आमच्या या गृहस्थांचे बोट हाडापासून चार सेंटिमीटर वर टेकले. तिथे डाव्या कंडरेवर चातीसारखा, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता उंचवटा होता. पाऊल वरखाली करायला लावल्यावर तोही वरखाली सरकला. म्हणजे सूज वरच्या कातडीत नव्हती, कंडरेतच होती. त्यांना पालथे झोपवून पोटरी हाताने दाबली, तेव्हा पाऊल आपोआप खाली वळले. कंडरा तुटलेली असती तर ते हलले नसते. मग भिंतीला हात लावून एका पायावर चवड्यावर उभे राहायला सांगितले. उजव्या पायावर ते २२ वेळा उठले, डाव्यावर सहाव्या वेळी थांबले. हा आकडा मी त्यांच्या कागदावर लिहून ठेवला. बरे होण्याचे माप पुढे त्यावरूनच घ्यायचे होते. रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल पाहिले, कारण ती वाढलेली असता कंडरा अधिक सहज दुखावते व हळू भरते. दोन्ही मर्यादेत होती. एक्स-रे किंवा एमआरआयची गरज नव्हती. निदान बोटांनीच झाले होते.

विश्रांतीने दुखणे झोपते, कंडरा सुधारत नाही

रुग्णांना सर्वांत नवल वाटते ते याचे, की पूर्ण विश्रांती घेऊनही दुखणे परत का यावे. कंडरा म्हणजे एका दिशेने घट्ट वळलेल्या सूक्ष्म धाग्यांचा जुडगा. झेपण्यापलीकडे ताण वारंवार पडला की या धाग्यांची ठेवण विस्कटते, त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारा पदार्थ वाढतो आणि कंडरा त्या जागी जाड होते. महिनोन् महिने चालणाऱ्या या दुखण्यात जखमेसारखा दाह फारसा नसतो. म्हणून वेदनाशामक गोळी चार दिवस आराम देते, परंतु विस्कटलेले धागे लावीत नाही.

त्या धाग्यांना पुन्हा बळकटी येण्यासाठी कंडरेवर ताणच पडावा लागतो; मात्र तो मोजका, संथ आणि नियमित हवा. पूर्ण विश्रांतीत पोटरीचे स्नायू दुबळे होतात आणि कंडरेची सोसण्याची ताकद आणखी घटते. दुखणे थांबलेले असते कारण कोणी काम सांगत नसते. मग एका रविवारी माणूस जुन्या हिशेबाने सहा किलोमीटर चालतो, आणि ती ताकद तर आता पूर्वीहूनही कमी असते. आमच्या गृहस्थांचे नेमके हेच झाले होते.

१९९८ मध्ये स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांनी पंधरा हौशी धावपटूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. कंडरेच्या मधल्या भागाचे हट्टी दुखणे असलेल्या या लोकांकडून त्यांनी बारा आठवडे एकच गोष्ट करून घेतली: पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच सावकाश खाली सोडणे. ते सारे पुन्हा धावू लागले. त्यानंतर या पद्धतीत अनेक फेरफार झाले. काहींनी वजन वाढवून आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम दिला आणि तोही उपयोगी ठरला. मूळ सूत्र मात्र टिकले आहे: कंडरेला सावकाश, जड काम द्या आणि तीन महिने द्या.

बारा आठवडे

त्या गृहस्थांना मी दिलेला क्रम असा होता. दोन्ही बुटांत टाचेखाली सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा बुचाचा किंवा नमद्याचा तुकडा घालायचा, एकाच बुटात नव्हे, नाहीतर कंबर वाकडी होते. टाच उचलली गेली की कंडरेवरचा ताण थोडा कमी होतो. चालणे बंद करायचे नाही; सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटे, दिवसातून एकदा. चढ, पायऱ्यांची हौस आणि पळणे तूर्त नको.

पहिले दोन आठवडे सपाट जमिनीवर, ओट्याला हात टेकून, दोन्ही पायांच्या चवड्यांवर उठायचे. वर जाताना मनात तीन अंक मोजायचे, खाली येताना पुन्हा तीन. अशी पंधरा आवर्तने, दोन मिनिटे विसावा, पुन्हा पंधरा, पुन्हा विसावा, पुन्हा पंधरा. घाईने केलेली शंभर आवर्तने यापुढे फिकी आहेत, कारण कंडरेला काम मिळते ते संथपणातून.

तिसऱ्या आठवड्यापासून उठायचे दोन्ही पायांवर आणि खाली यायचे फक्त दुखऱ्या पायावर. पाचव्यापासून हेच जिन्याच्या पायरीवर, कठडा धरून: चवडा पायरीवर, टाच मोकळी, आणि ती पायरीच्या पातळीखाली जाऊ द्यायची. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, म्हणजे पोटरीच्या दोन्ही स्नायूंना काम मिळते. हे सोपे वाटू लागले तेव्हा त्यांनी नातवाच्या दप्तरात पाच किलो तांदूळ भरून ते पाठीला लावले. धान्याच्या दुकानदाराला वजनाची अडचण कशी असणार!

“दुखलं तर काय करायचं?” हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला. या व्यायामात थोडे दुखणे मान्य आहे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर पाचापर्यंतचे दुखणे चालते; अट एवढीच, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे. सकाळची पहिली पावले हे आपले तराजूचे पारडे. काल पंचवीस पावले लंगडत होतो, आज चाळीस, तर काल काम जास्त झाले. एक पायरी मागे या, पण थांबू नका. काल पंचवीस, आज वीस, तर योग्य चालले आहे.

तिसऱ्या आठवड्यात ते वैतागून आले होते. सूज तशीच होती. मी त्यांना चवड्यावर उठायला लावले: सहाचे नऊ झाले होते. फुगवटा सर्वांत शेवटी उतरतो आणि काहींचा थोडा कायमही राहतो. ताकद आधी येते. सहाव्या आठवड्यात सकाळचे लंगडणे पाच-सहा पावलांवर आले. बाराव्या आठवड्यात, नोव्हेंबरच्या अखेरीस, डावा पाय १८ वेळा उठला. चालणे तोवर पंधरा मिनिटांवरून पंचेचाळीसवर गेले होते, दर आठवड्याला तीन-चार मिनिटांची भर घालत.

कोल्हापुरी चप्पल: मित्र की शत्रू?

हा प्रश्न आपल्या गावात टळत नाही. उत्तर पुन्हा त्या दोन बोटांच्या अंतरावर आहे.

ज्यांचे दुखणे अगदी हाडावर, बुटाच्या कडेखाली आहे, त्यांच्या टाचेच्या हाडाचा मागचा कोपरा बहुधा थोडा वर आलेला असतो. त्यावर कडक बूट घासतो. हाड आणि कंडरा यांच्यामधील द्रवाची छोटी पिशवी सुजते, जागा लाल व हुळहुळी होते. अशांना मागून मोकळी चप्पल सुखाची वाटते आणि ते बरोबरच आहे. बूट घालणे भाग असेल तर मागची बाजू मऊ असलेला घ्यावा. यांनी व्यायाम मात्र सपाट जमिनीवरच करावा; पायरीखाली टाच सोडली की कंडरा त्या हाडाच्या कोपऱ्यावर दाबली जाते आणि दुखणे वाढते. पोटरीला जोरजोराने ताण देणारी आसनेही त्याच कारणाने काही काळ टाळावीत. या जागेचे दुखणे मधल्या भागापेक्षा हट्टी असते, हेही सांगून ठेवतो.

परंतु ज्यांची कंडरा वर, मध्यभागी दुखते, त्यांना घासण्याची अडचण नाही. त्यांची अडचण उंचीची आहे. चालण्याच्या बुटात टाच चवड्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असते. कोल्हापुरी चप्पल जवळजवळ सपाट. वर्षभर बूट घालणाऱ्याने एकाएकी चपलेत लांब पल्ला गाठला, किंवा नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालण्याचे व्रत धरले, तर कंडरेला प्रत्येक पावलाला अधिक ताणले जावे लागते. जन्मभर चप्पल वापरणाऱ्याच्या कंडरेला ती सवय असते, त्याला काही होत नाही. दोष चपलेचा नाही, अचानक बदलाचा आहे. आमच्या गृहस्थांना मी घरात चप्पल चालेल, रंकाळ्यावर बूट, असे सांगितले आणि व्रत असेल तर ते पुढच्या वर्षी, दोन महिने आधीपासून थोडे थोडे सरावाने, असे सुचवले.

जिथे वाट पाहू नये

एवढे सारे घरी करता येते. तरी काही खुणा दिसल्या तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना गाठावे. चालताना मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटले, ‘फट्’ असा आवाज आला आणि नंतर चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी दुखणे फारसे नसते, म्हणून लोक आठवडाभर चालढकल करतात. उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर फळ चांगले मिळते. टाचेऐवजी सबंध पोटरी सुजली, तापली, दाबल्यावर दुखली, तर शिरेत रक्ताची गुठळी आहे का हे त्याच दिवशी पाहावे. तिशीच्या आतील तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सोबत सकाळी कंबर तासभर आखडत असेल, तर तो चालण्याचा दोष नसून संधिवाताचा एक प्रकार असू शकतो.

औषधांबाबत दोन गोष्टी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील प्रतिजैविकांनी कंडरा दुखावू शकते, क्वचित तुटूही शकते. साठीपुढील व्यक्तींत आणि स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका अधिक. सहलीत पोट बिघडले म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच ही गोळी घेऊन पुढे चालत राहणे म्हणूनच धोक्याचे. ती घेताना टाचेवर दुखू लागले तर चालणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. दुसरी गोष्ट, या कंडरेत स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याचा आग्रह कोणाकडेही धरू नये. दुखणे पटकन थांबते खरे, पण त्याने कंडरा कमकुवत होऊन तुटण्याची भीती असते.

त्या गृहस्थांनी एप्रिलमध्ये चैत्र यात्रेच्या आधी जोतिबाचा डोंगर पायी चढला. वर पोहोचून फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी सांगून ठेवले होते म्हणून, पुन्हा केला. “सात पावलं,” ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी एकही नव्हते. डाव्या कंडरेवर चिमटीला लागेल इतका फुगवटा अजून आहे. आठवड्यातून तीन दिवस ते दप्तर पाठीला लावून पायरीवर उभे राहतात. पावनखिंडीचे विचारायला ते मे महिन्यात आले, तेव्हा आम्ही कागद घेऊन बसलो: तेव्हाचे सर्वांत लांब चालणे दहा किलोमीटर, जुलैपर्यंत उरलेले आठवडे आठ. आठवड्याला एक किलोमीटर वाढवले तरी अठरा होतात, आणि मोहिमेच्या एकेका दिवसाला वीस-पंचवीस लागतात. हिशेब त्यांनीच केला आणि त्यांनीच सांगितले, “यंदा एकच दिवस जातो, मसाई पठारापर्यंत.”